फोड, काचणं आणि काळं नख : धावणाऱ्या पायांसाठी

हैदराबादची मॅरेथॉन ऑगस्टमध्ये असते. हवा दमट, मधूनच पावसाची सर, आणि वाटेत एकामागून एक उड्डाणपूल. चढ आला की दम लागतो, म्हणून सगळे चढांबद्दलच बोलतात. पायांचं नुकसान मात्र उतारावर आणि ओल्या मोज्यांत होतं. शर्यत संपल्यावर हिरवळीवर बसून बूट काढणाऱ्यांकडे पाहिलं, की कुणाचं नख काळं झालेलं असतं, कुणाच्या तळव्याला रुपयाएवढा फोड असतो आणि कुणी पाय फाकवून चालत असतं. आपल्या मंडळातली बरीच तरुण मुलं आता दहा किंवा एकवीस किलोमीटर धावतात, म्हणून हा लेख.

माझा भाचा गेल्या वर्षी पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन धावला. घरी आला तेव्हा तीन ठिकाणी दुखत होतं : डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख काळं, उजव्या तळव्याच्या आतल्या बाजूला, कमानीच्या कडेला फोड, आणि दोन्ही मांड्या आतून सोललेल्या. "मामा, सवय झाली की होत नाही ना?" असं त्यानं विचारलं. कातडी सरावानं थोडी टणक होते हे खरं, पण या तिन्ही दुखण्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून आम्ही एकेक जागा धरून शोध घेतला.

सुरुवात नखापासून केली. नख काळं होतं म्हणजे नखाखाली रक्त साकळतं. बोट बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटतं, एकदा नव्हे तर हजारो वेळा. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो, म्हणून उड्डाणपूल उतरताना हे सर्वांत जास्त होतं. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं आणि दुकानात आपण अंगठाच दाबून बघतो. भाच्याचंही दुसरंच बोट लांब होतं.

बूट तपासायची एक सोपी रीत आहे. बुटातला आतला तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि धावायचे मोजे घालून त्यावर उभं राहायचं. टाच मागच्या कडेला नीट बसवायची आणि सर्वांत लांब बोटापुढे किती जागा उरते ते पाहायचं. साधारण 10 ते 12 मिलिमीटर जागा हवी. हे मोजमाप संध्याकाळी करावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब धावताना आणखी सुजतात. पाय इनसोलच्या बाजूंनी बाहेर येत असेल, तर लांबी पुरेशी असूनही बूट अरुंद आहे असं समजावं.

भाच्याच्या बोटापुढे जेमतेम 5 मिलिमीटर उरले. त्याचा बूट आठ नंबरचा होता, कॉलेजला घालायच्या बुटाएवढाच. भारतात बहुतेक बुटांवर ब्रिटिश माप असतं आणि त्यात एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरनं वाढते, अर्धा वाढला की सव्वाचार. म्हणजे साडेआठ नंबरात त्याला नऊ मिलिमीटर मिळाले असते, नऊ नंबरात साडेतेरा. दुकानात त्या बुटाचे अर्धे नंबर नव्हते, म्हणून त्यानं नऊ घेतला. तेव्हा त्याची तक्रार आली, "मामा, आता टाच उचलली जाते." टाच वरखाली झाली की टाचेला फोड येतो आणि पाय पुढेही सरकतो. म्हणजे नुसता मोठा बूट घेऊन भागत नाही, टाच मागे बांधून ठेवावी लागते.

त्यासाठी बुटाला वरच्या टोकाला एक जादा भोक असतं, जे बहुतेक जण कधीच वापरत नाहीत. नाडी आतून बाहेर न ओवता, त्याच बाजूच्या शेवटच्या दोन भोकांतून घेऊन एक छोटा फास करायचा. दोन्ही बाजूंना असे फास झाले, की डाव्या नाडीचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्यातून ओढायचं. मग टोकं वर नव्हे, मागे टाचेच्या दिशेनं ओढून गाठ मारायची. घोटा बुटात धरला जातो, बोटांपाशी मात्र नाडी सैल राहते. पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या यायला लागल्या तर नाडी जास्त आवळली आहे. भाच्यानं घराजवळच्या उतारावर चार फेऱ्या मारून पाहिलं. बोट पुढे टेकत नव्हतं.

नखं शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापावीत. आदल्या रात्री कापली तर धारदार कोपरा शेजारच्या बोटाला लागतो, आणि कोपरे खोल गोलसर कापले तर नख मांसात रुतण्याची भीती असते.

आता फोडाकडे वळू. फोड वरवरच्या घासण्यानं येतो असं आपण मानतो, पण गंमत वेगळी आहे. डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर बोट दाबून ठेवा आणि न घसरू देता पुढेमागे करा. वरची कातडी बोटाबरोबर जाते, खालचं हाड जागेवर राहतं. मधल्या थरांवर ताण येतो. पायाचं असंच होतं : मोजा कातडीला धरून ठेवतो, हाड आत सरकत राहतं आणि कातडीच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्या पोकळीत पाणी भरतं. घामानं ओली कातडी मोज्याला जास्त चिकटते, म्हणून दमट हवेत फोड लवकर येतात.

म्हणूनच सुती मोजे धावायला चालत नाहीत. सूत पाणी शोषून ठेवतं, मोजा जड होतो, सैल पडतो आणि त्याच्या चुण्या पडतात. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे, थोडं स्पॅन्डेक्स असलेले, पायाला घट्ट बसणारे मोजे घ्यावेत. टाचेचा भाग टाचेवरच बसला पाहिजे, बोटांपाशी जाड शिवण नको. दोन बोटांमध्ये फोड येत असतील तर प्रत्येक बोटाला वेगळं बोट असलेले मोजे उपयोगी पडतात, मात्र त्यांनी बूट थोडा घट्ट होतो, तेव्हा माप त्यांच्यासकट घ्यावं.

भाच्याच्या कमानीपाशी फोड का आला? गेल्या वर्षी उकाड्यानं हैराण होऊन त्यानं प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी ग्लास डोक्यावर ओतला होता. ते पाणी अंगावरून, पायांवरून थेट बुटात गेलं आणि सुती मोज्याची चुणी कमानीखाली जमली. यंदा त्यानं दोन बदल केले. पाणी ओतायचं झालं तर पुढे वाकून मानेवर ओतायचं, म्हणजे ते जमिनीवर पडतं. आणि जिथे फोड आला होता तिथे कागदी टेप लावायची. ही टेप औषधाच्या दुकानात मिळते, ड्रेसिंग चिकटवायला वापरतात ती. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अनेक दिवस चालणाऱ्या लांब शर्यतींतल्या धावपटूंच्या पायाच्या काही भागांवर ही टेप लावली आणि त्याच पायाचा बाकीचा भाग तसाच ठेवला. टेप लावलेल्या भागावर फोड बरेच कमी आले. टेप स्वच्छ, कोरड्या पायावर, सुरकुती न पडू देता, एकच थर लावावी आणि वर मोजा हलक्या हातानं चढवावा. टेपेखाली व्हॅसलिन लावलं तर ती टिकत नाही.

तिसरी जागा मांड्यांची. कातडी कातडीवर किंवा कापडाच्या शिवणीवर घासते, घाम वाळून उरलेलं मीठ खरखरीत कागदासारखं काम करतं, आणि अंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. काखा, मुलींना स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्याखाली आणि मुलग्यांना छातीवर स्तनाग्रांपाशी हेच होतं. छातीसाठी तीच कागदी टेप उत्तम. मांड्यांसाठी गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी घट्ट शॉर्ट्स सर्वांत खात्रीची, कारण मग कातडी कातडीला लागतच नाही. उरलेल्या जागी व्हॅसलिनचा जाडसर थर. पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात, खोबरेल तेल लवकर पुसलं जातं.

व्हॅसलिनची एक मर्यादा लक्षात ठेवावी. ते कायम टिकत नाही. पहिला तासभर निसरडेपणा चांगला असतो, मग कापड ते शोषून घेतं, आणि काही तासांनी जागा आधीपेक्षाही जास्त घासू शकते. हाफला सुरुवातीचा थर बहुधा पुरतो, पण फुल मॅरेथॉनला खिशात छोटी पुडी ठेवून अर्ध्या वाटेत पुन्हा लावावं.

भाच्याचा यंदाचा निकाल असा : नखं गुलाबी, तळवा शाबूत, मांड्या ठीक. फक्त छातीवरच्या नाडी मोजायच्या पट्ट्याखाली एक लाल रेघ उठली, कारण तो पट्टा आमच्या यादीत नव्हता. सरावात घातलेली प्रत्येक वस्तू अंगावरून उतरवल्यावर कातडी पाहायची ती याचसाठी. लाल, गरम झालेली जागा ही फोडाची आगाऊ सूचना असते. धावताना तशी जळजळ जाणवली तर दोन मिनिटं थांबून मोजा सरळ करावा, टेप लावावी.

एवढं करूनही फोड आलाच, आणि तो लहान असेल, तर फोडू नये. मोठा आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवून ड्रेसिंग करावं. पू, वाढती लाली किंवा ताप आला तर डॉक्टर. मधुमेह असलेल्यांनी हे घरी करूच नये. काळ्या नखाखाली ठणका असह्य असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला छिद्र करून रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. दुखत नसेल तर नख तसंच सोडावं. ते गळून नवं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मात्र मार न लागता आलेला काळा पट्टा, नखाबरोबर पुढे न सरकणारा किंवा नखाच्या कडेच्या कातडीवर पसरणारा डाग धावण्याच्या माथी मारू नये, तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

पुढची शर्यत ठरवली असेल, तर आज संध्याकाळी बुटातला इनसोल काढून त्यावर उभे राहून पाहा. बोटापुढे पुरेशी जागा आहे का, एवढं कळायला दोन मिनिटं लागतात.