आधी पूर्व की आधी उत्तर?

एक उंचसखल माळरान डोळ्यांपुढे आणा. एका खुंटीपासून मोजायला सुरुवात केली आणि पूर्वेकडे x मीटर, उत्तरेकडे y मीटर गेलो, की तिथल्या जमिनीची उंची f(x, y). कुठेही उभे राहिलात, तर दोन चढ मोजता येतात. पूर्वेकडे पाऊल टाकले तर जमीन किती वेगाने वर जाते, हा पूर्वचढ. उत्तरेकडे टाकले तर किती, हा उत्तरचढ. गणिताच्या पुस्तकात यांना आंशिक विकलज म्हणतात.

आता जरा पुढचा प्रश्न. मी थोडे उत्तरेला सरकलो, तर पूर्वचढ किती वेगाने बदलेल? आणि थोडे पूर्वेला सरकलो, तर उत्तरचढ किती वेगाने बदलेल? ही दोन उत्तरे म्हणजे मिश्र द्वितीय विकलजे. प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे उत्तरेही वेगळी यावीत असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा तंतोतंत सारखी येतात. x²y³ हे फलन घ्या. त्याचा पूर्वचढ 2xy³, आणि उत्तरेकडे जाताना तो 6xy² या वेगाने बदलतो. उत्तरचढ 3x²y², आणि पूर्वेकडे जाताना त्याचाही बदल 6xy²च. अठराव्या शतकात ऑयलर आणि क्लेरो या गणितज्ञांनी ही समानता मांडली आणि पुढे शंभरहून अधिक वर्षे ती सर्रास वापरली गेली. तिची सिद्धताही दिली जात होती. पण त्या सिद्धतांत एक पायरी न सांगता गाळलेली होती.

ती पायरी पाहण्यासाठी खुंटीपाशी एक आयत आखा: पूर्वेकडे लांबी h, उत्तरेकडे k. चारही कोपऱ्यांवर उंची मोजा. खुंटीची आणि तिच्या समोरच्या कोपऱ्याची उंची यांची बेरीज करा, आणि तीतून उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या उंचींची बेरीज वजा करा. आलेल्या संख्येला आयताच्या क्षेत्रफळाने, म्हणजे hk ने भागा. या भागाकाराला आपण ‘पिळा’ म्हणू, कारण जमीन किती पिळवटलेली आहे हे तो सांगतो. उंची मोजताना आधी पूर्वेला गेलात की उत्तरेला, याने पिळ्यात काडीचाही फरक पडत नाही.

मग दोन क्रमांचा फरक येतो कुठून? आयत लहान करण्यातून. पूर्वचढ आधी काढायचा म्हणजे h आधी शून्याकडे न्यायचा: आयताची उभी, बारीक काडी होते, मग तिची उंची k शून्याकडे न्यायची. उत्तरचढ आधी काढायचा म्हणजे k आधी शून्याकडे, आणि आयताची आडवी काडी होते. शेवटी दोन्ही आयत त्याच बिंदूत मिटतात, म्हणून पिळाही त्याच संख्येवर जाऊन थांबेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. गाळलेली पायरी हीच. ती तपासायला उभी काडी आणि आडवी काडी यांच्यात भेद करणारे एखादे फलन हवे.

तसे फलन आज कलनशास्त्राच्या असंख्य पाठ्यपुस्तकांत सापडते. ते इटलीतील ज्युझेप्पे पेआनो यांच्या नावाने ओळखले जाते. तूरिनमधील प्राध्यापक जेनोकी यांच्या व्याख्यानांवर आधारलेले पुस्तक 1884 साली निघाले. त्यात तरुण पेआनोंनी स्वतःची भर घातली होती. फलन असे:

f(x, y) = xy(x² − y²)/(x² + y²)

खुंटीपाशी, म्हणजे आरंभबिंदूपाशी, छेद शून्य होतो. म्हणून तिथे f ची किंमत वेगळी सांगून 0 ठेवायची.

आता पिळा काढू. दोन्ही अक्षांवर x किंवा y शून्य असल्याने उंची शून्यच. चार कोपऱ्यांपैकी तिघांची उंची 0, आणि उरते फक्त f(h, k). तिला hk ने भागले की पिळा (h² − k²)/(h² + k²) इतका येतो. आयताची लांबी 10 सेंटीमीटर आणि रुंदी 1 मिलिमीटर असेल, म्हणजे 100 ला 1, तर आडव्या आयताचा पिळा 9999/10001, जवळजवळ +1. तोच आयत उभा केला की जवळजवळ −1. चौरसासाठी 0. शिवाय किंमत आयताच्या आकारमानावर मुळीच अवलंबून नाही. तो कितीही लहान केला, तरी फक्त बाजूंचे गुणोत्तर बोलते.

रीतसर मांडायचे तर, (0, y) या बिंदूवर पूर्वचढ −y येतो, म्हणून आरंभबिंदूपाशी उत्तरेकडे जाताना त्याचा बदल −1. (x, 0) या बिंदूवर उत्तरचढ x येतो, म्हणून पूर्वेकडे जाताना त्याचा बदल +1. दोन्ही उत्तरे अस्तित्वात आहेत, दोन्ही बरोबर आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

हा पृष्ठभाग वेडावाकडा असेल असे वाटत असेल, तर तसेही नाही. त्याला खाच नाही, टोक नाही. आरंभबिंदूपासून r अंतरावर उंची जास्तीत जास्त r²/4 असते, म्हणून तिथे जमीन अगदी सपाट भासते. सभोवती फेरी मारली तर चार उंचवटे आणि चार खोलगट भाग आलटूनपालटून लागतात. खोडी त्यांच्या मांडणीत आहे. पूर्व-पश्चिम रेषेलगत हे फलन xy सारखे वागते, आणि उत्तर-दक्षिण रेषेलगत −xy सारखे. एकाच बिंदूपाशी दोन उलट्या पिळांची जमीन जोडलेली आहे. भिंग लावून कितीही जवळून पाहा, चित्र तेच राहते.

समानता नक्की केव्हा मिळते, याचे पक्के उत्तर जर्मन गणितज्ञ हेर्मान श्वार्त्स यांनी 1873 मध्ये दिले. आसपास दोन्ही मिश्र विकलजे अस्तित्वात असतील, तर मध्यमान प्रमेयाने असे दिसते की आयताचा पिळा हा आयताच्या आतल्या कुठल्यातरी बिंदूवरील मिश्र विकलजाएवढा असतो. एका क्रमासाठी एक बिंदू, दुसऱ्या क्रमासाठी दुसरा. आयत मिटत गेला की दोन्ही बिंदू खुंटीपाशी येतात. विकलजे तिथे संतत असतील, म्हणजे जवळच्या किमती खुंटीवरच्या किमतीकडेच जात असतील, तर दोघांना एकच संख्या गाठावी लागते.

पेआनोंच्या फलनात नेमके हेच सांतत्य तुटते. आरंभबिंदू सोडून बाकी सगळीकडे त्याची मिश्र विकलजे समान आहेत. पण त्यांची किंमत पूर्व-पश्चिम रेषेवर सर्वत्र +1, उत्तर-दक्षिण रेषेवर −1 आणि कर्णांवर 0 आहे. आरंभबिंदूकडे ज्या वाटेने जाल, तसे उत्तर बदलते.

परीक्षेत याचा एक उपयोग आहे. फलनाची व्याख्या एखाद्या बिंदूवर वेगळी दिली असेल, तर तिथे नेहमीची सूत्रे लावू नका. दोन्ही विकलजे मूळ व्याख्येवरून, सीमा घेऊन काढा. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. सांतत्य असले की समानता हमखास मिळते. सांतत्य नसले तरी ती कधी कधी मिळू शकते. अशा वेळी तिची हमी कोणी देत नाही, प्रत्येक फलनासाठी हिशेब करूनच पाहावे लागते.