आधी तासकाटा, मग पावणेपाच

घड्याळ शिकवताना मिनिटकाटा सुरुवातीला झाकूनच ठेवावा. एकटा तासकाटा बरंच सांगतो: चारवर असेल तर चार, चारच्या जरा पुढे असेल तर चार वाजून गेले, चार-पाचच्या मधोमध असेल तर साडेचार, पाचला टेकत आला असेल तर पाच वाजत आले. मुलाला हे न अडखळता सांगता आलं की मिनिटकाटा दाखवावा. तो तीनवर आला की सव्वा, नऊवर आला की पावणे.

खरी अडचण पावणेलाच येते. पावणेपाच वाजता तासकाटा पाचच्या इतका जवळ असतो की मूल ‘पावणेसहा’ म्हणतं. अशा वेळी उत्तर सांगू नये, एवढंच विचारावं: “छोटा काटा पाचच्या पुढे गेलाय का?” नाही ना, मग पाच अजून वाजायचे आहेत, पाव तास बाकी आहे.

दोन्ही काटे सुटे फिरणारं पुठ्ठ्याचं घड्याळ इथे दिशाभूल करतं. त्यात मिनिटकाटा नऊवर नेला तरी तासकाटा चारवरच राहतो. त्यापेक्षा भिंतीवरचं जुनं घड्याळ काढून, सेल काढून, मागची चावी मुलालाच फिरवू द्यावी.

दीड आणि अडीच मात्र वेगळे सांगावे लागतात.