फोटो ‘ओके’ आहे, पण नेमकं काय ओके आहे?

वस्तूंच्या फोटोंवर काम करणाऱ्या रिटचरला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ‘छान आहे, ओके’ या उत्तराची. ग्राहक फोन हातात घेतो, दोन फोटो झरझर पाहतो, दुसरा जास्त चकचकीत दिसतो म्हणून होकार देतो. नंतर कॅटलॉग छापून आला की त्याच्या लक्षात येतं की भांड्यावरची एक खूणच गायब आहे. मग ‘मी तर फक्त फोटो सुंदर आहे म्हटलं होतं’ आणि ‘पण तुम्ही मंजुरी दिली होती’ असा वाद सुरू होतो. या वादात दोघांचंही खरंच असतं. चुकलेला असतो तो मधला मेल. ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ फोटो जोडला म्हणजे मंजुरी मागितली असं होत नाही. कुठे बघायचं आणि कशाला हो म्हणायचं, हे मेलने सांगावं लागतं.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या ठोक्याच्या कळशीचं उदाहरण घेऊ, कारण तांब्याइतकी अवघड वस्तू क्वचितच सापडेल. या भांड्यांची ओळख म्हणजे मठारकाम. हातोडीने एकाशेजारी एक दिलेले हे ठोके नुसते शोभेचे नसतात. मऊ पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, भांडं मजबूत होतं. फोटोसाठी मात्र हे संकट असतं. घासलेलं तांबं म्हणजे आरसा, आणि कळशीचं पोट फुगीर असल्यामुळे त्यात अख्खी खोली उमटते: दिवे, खिडकी, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा. त्यात प्रत्येक ठोका हा स्वतःचा छोटा आरसा. त्याच्यावर स्वतंत्र चमक असते.

समजा, या कळशीच्या फोटोत डाव्या अंगाला एक काळपट उभा पट्टा दिसतोय. ते फोटोग्राफरच्या गडद शर्टाचं आणि ट्रायपॉडचं प्रतिबिंब. बूड गोल असल्यामुळे कळशी कलंडू नये म्हणून खाली खोडरबराचा तुकडा सरकवलेला आहे, तोही जरासा दिसतो. गळ्यावर अंगठ्याचा डाग आहे. आणि पोटावर, उजवीकडे, एक पोचा आहे.

वरवर पाहता हे चारही दोष सारखेच, पुसून टाकावेत असे. पण पहिले दोन कळशीचे नाहीतच, ते फोटो काढण्याच्या पद्धतीमुळे आले. ते काढताना कोणाला विचारावं लागत नाही, कळवावं मात्र लागतं. तिसरा डाग पुसला की जातो, तोही सोपा. पोचा मात्र वस्तूचा आहे, आणि तिथे रिटचरने स्वतःच्या अकलेने काही ठरवू नये असं माझं मत आहे. ही कळशी नमुन्यापुरती असेल आणि विकल्या जाणाऱ्या बाकीच्या कळश्यांना पोचा नसेल, तर तो काढणं योग्य. हीच कळशी घेणाऱ्याच्या घरी जाणार असेल, तर पोचा फोटोत राहिलाच पाहिजे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असावी, ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. विक्रेता म्हणजे ग्राहक, रिटचर नव्हे. म्हणून निर्णय त्याचा.

काम झाल्यावर मेल साधारण असा जावा:

विषय: तांब्याची कळशी, फोटो 1, मंजुरीसाठी (शुक्रवारपर्यंत)

सप्रेम नमस्कार,

सोबत तीन फोटो जोडले आहेत. Kalshi_01_before.jpg हा मूळ फोटो, Kalshi_01_after_v1.jpg हा दुरुस्त केलेला, आणि Kalshi_01_marked.jpg मध्ये बदलांच्या जागांवर आकडे टाकले आहेत.

1. डावीकडचा काळा पट्टा काढला. त्याखालचे ठोके शेजारच्या ठोक्यांवरून पुन्हा बसवले आहेत. हा भाग कृपया मोठा करून पाहावा.
2. बुडाखालचा आधार काढला, सावली नव्याने दिली.
3. गळ्यावरचा बोटाचा डाग पुसला.
4. उजवीकडचा पोचा तसाच ठेवला आहे. काढायचा का, ते आपण सांगावे.

रंग आणि आकार बदललेला नाही. दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर पाहावेत. 1 ते 3 मंजूर असल्यास आणि 4 बद्दल निर्णय या मेलच्या उत्तरातच कळवावा, ही विनंती.

या मेलमध्ये ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न नाही. तो विचारला की ‘जरा अजून उठाव द्या’ असं उत्तर येतं, आणि उठाव म्हणजे काय यावर पुढचे चार मेल खर्ची पडतात. शिवाय काय बदललं याच्याबरोबर काय बदललं नाही तेही लिहिलं आहे. ग्राहकाच्या मनातली निम्मी शंका त्याच ओळीने फिटते.

पहिला मुद्दा मोठा करून पाहायला सांगण्यामागे कारण आहे. पट्ट्याखालचे खरे ठोके दिसतच नव्हते, म्हणून क्लोन स्टॅम्पने शेजारचे ठोके उचलून तिथे बसवले. घाईत एकच तुकडा दोनदा बसला तर जुळे ठोके तयार होतात, तीच चमक, तोच तिरपेपणा. हातोडीचे दोन ठोके कधी असे तंतोतंत जुळत नाहीत. छोट्या फोटोत हे लक्षात येत नाही, शंभर टक्के आकारात पाहिलं की डोळ्यात खुपतं. आळीतल्या जाणत्या कारागिराला तर ते न मोठं करताच दिसेल. सावलीचंही तसंच. आधार काढून टाकला पण बूड जमिनीला टेकतं तिथली गडद, बारीक सावली दिली नाही, तर कळशी हवेत तरंगायला लागते.

फोटो पाठवण्यात दोन पथ्यं आहेत. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच मापाचे, एकाच चौकटीत कापलेले हवेत, म्हणजे एकामागून एक उघडले की बदललेली जागाच तेवढी हलल्यासारखी दिसते. आधीचा मुद्दाम काळसर ठेवून नंतरचा खुलवणं ही सरळसरळ लबाडी आहे, आणि ती बऱ्याच ठिकाणी चालते. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि ठोक्यांची बारकाई जाते. मेलला जोडावा. जीमेलमध्ये 25 एमबीपर्यंतच चालतं, त्यापुढे ड्राइव्हचा दुवा द्यावा. रात्री फोनच्या पिवळसर केलेल्या स्क्रीनवर तर तांब्याचा रंग कोणी ठरवूच नये.

उत्तर आलं, ‘1 ते 3 मंजूर, 4 काढा, बाकीच्या कळश्यांना पोचा नाही’. मग दुरुस्त फाइल after_v2 या नावाने जाते, जुनी v1 तशीच राहते. प्रत्येक दुरुस्ती फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर केलेली असली की एवढीच गोष्ट बदलता येते, बाकी कशाला हात लागत नाही. पण v2 लाही नव्याने होकार घ्यावा लागतो. उत्तर न येणं म्हणजे मंजुरी नव्हे. मुदत उलटली तर फोन करावा आणि फोनवर जे ठरलं ते दोन ओळींत मेलवर लिहून पाठवावं.

कॅटलॉग छापायचा असेल तर एक गोष्ट मेलच्या शेवटी जरूर लिहावी: ही मंजुरी स्क्रीनवरच्या फोटोला आहे. छपाईच्या चार शाईंत तांब्याची लालसर झळाळी स्क्रीनइतकी उतरत नाही, म्हणून रंगाची मंजुरी छापखान्याचा प्रूफ हातात आल्यावर, दिवसाच्या उजेडात, शक्य झाल्यास खरी कळशी शेजारी ठेवून वेगळी घ्यावी.