दूध फाटल्यानंतरची दोन-चार मिनिटे

घरी केलेले पनीर दाताखाली रबरासारखे चिवट लागले म्हणजे त्याचा ठपका कोणी दुधावर ठेवतो, कोणी लिंबावर, तर कोणी वजनासाठी ठेवलेल्या वरवंट्यावर. परंतु हे काम मी घराघरांतून आणि हलवायाच्या भट्टीजवळ उभे राहून पाहिले, पुढे स्वतःच्या शेगडीवर वरचेवर केले, आणि त्यावरून माझे असे मत झाले आहे की, बहुतेक वेळा पनीर बिघडते ते दूध फाटल्यानंतरच्या दोन-चार मिनिटांत, आणि आम्लाच्या निवडीला जे महत्त्व आहे तेही चवीइतकेच, किंबहुना अधिक, या मिनिटांवर तिचा अंमल चालतो म्हणून आहे.

पनीर हा पदार्थ दिसतो घट्ट, पण त्यात निम्म्याहून थोडे अधिक पाणीच असते. बाजारात विकावयाच्या पनीरात पाण्याचा अंश शेकडा 60 पेक्षा जास्त नसावा, असा आपल्याकडे सरकारी दंडकच आहे. उरलेल्या भागात मुख्यत्वे दोन द्रव्ये, प्रथिन आणि स्निग्धांश. प्रथिनाचे जाळे विणले जाते, त्या जाळ्याच्या घरांत लोण्याचे सूक्ष्म कण आणि पाणी अडकून राहते, आणि हे दोन्ही जोवर त्या घरांत नांदत असतात तोवर पनीर मऊ राहते. पाणी हुसकले गेले, किंवा लोणी मुळातच कमी असले, म्हणजे प्रथिनाचे धागे एकमेकांना चिकटतात, जाळे आखडते, आणि चावताना लागतो तो निव्वळ प्रथिनाचा ताण. चिवटपणाचे मूळ एवढेच आहे. पुढचा सगळा विचार हे पाणी कोठे व केव्हा निसटते, याचा आहे.

म्हणून प्रथम दूध. गवळ्याकडून येणाऱ्या निर्भेळ म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा 6 ते 7 च्या घरात असतो, गाईच्या दुधात 4 च्या आसपास. पिशवीच्या दुधापैकी फुल क्रीम म्हणून मिळते त्यात 6, टोन्डमध्ये 3 आणि डबल टोन्डमध्ये अवघा दीड. म्हशीच्या दुधाचे पनीर अंगाने भरीव होते, सुरीने त्याच्या वड्या स्वच्छ पडतात. गाईच्या दुधाचे नरम आणि ओलसर होते, आणि म्हणूनच बंगालातील मिठाईवाले छेन्यासाठी तेच पसंत करतात. डबल टोन्ड दुधाचे पनीर मात्र कितीही काळजी घेतली तरी थोडेफार चिवट होणारच, कारण जाळ्याच्या घरांत बसावयाला लोणीच नाही. वरची साय काढून तूप कढवायचे आणि खालच्या दुधाचे पनीर करायचे, हा काटकसरीचा हिशेब या एका बाबतीत तोट्याचा ठरतो.

आता एक लिटर म्हशीच्या दुधाचा दाखला घेऊ. जाड बुडाच्या पातेल्यात ते मध्यम आचेवर ठेवावे आणि बूड लागू नये, वर साय धरू नये, यासाठी उलथण्याने सावकाश ढवळत उतू येण्याच्या बेताला आणावे. ही उकळी केवळ निर्जंतुक करण्यासाठी नव्हे. दुधात केसिन हे मुख्य प्रथिन असते, आणि त्याखेरीज काही प्रथिने अशी असतात की जी एरवी निवळीबरोबर वाहून जातील. दूध 90 अंशांच्या आसपास तापले की ती आपले मूळ रूप सोडून केसिनच्या कणांना जाऊन चिकटतात आणि पुढे त्यांच्याबरोबरच साकळतात. त्यामुळे पनीर वजनालाही वाढते आणि पाणीही अधिक धरून ठेवते. कोमट दुधातच लिंबू पिळणाऱ्याच्या पदरी थोडका, भुसभुशीत चोथा येतो, त्याचे कारण हेच.

उकळी आली की पातेले शेगडीवरून खाली उतरवावे. या एका कृतीवर माझा सर्वांत अधिक भर आहे. दूध पाच-सात मिनिटे तसेच राहू द्यावे, मधून मधून ढवळावे, आणि ते 75 ते 70 अंशांपर्यंत उतरले म्हणजे मगच आम्ल घालावे. तापमापक असला तर उत्तम. नसला तर वाफ भरपूर येत आहे, पण पृष्ठभागावर एकही बुडबुडा फुटत नाही आणि कडेची थरथर पूर्ण थांबली आहे, ही खूण पुरेशी समजावी.

दुधातील केसिनचे कण एकमेकांपासून दूर राहतात, कारण त्यांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युत्भार असतो. आम्ल पडले की तो भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येतात. थंड दुधात हे घडण्यासाठी आंबटपणा बराच वाढवावा लागतो, पीएचच्या भाषेत 4.6 पर्यंत उतरावे लागते. दूध कढत असले तर 5.3 किंवा 5.4 लाच काम भागते. म्हणजे गरम दुधाला आम्ल थोडेच पुरते, आणि त्यापुढे पडणारा प्रत्येक चमचा फक्त चव आंबवतो आणि चोथ्यातले पाणी कमी करून त्याला कडक, खरखरीत करतो. हा खरखरीतपणा आणि रबरासारखा चिवटपणा हे दोन निरनिराळे दोष आहेत, आणि त्यांची गल्लत होते. बोटांत चुरडले असता जे दाणेदार होऊन फुटते आणि जिभेला आंबट लागते, त्यात आम्ल जास्त पडले आहे. जे फुटत नाही, दाबले तर परत उसळते आणि चवीला अगदी गोडे असते, त्याला आच जास्त लागली आहे.

आम्लांपैकी लिंबू सर्वांच्या घरी असते, पण त्याच्या रसाचा भरवसा नसतो. एक फळ रसाने ओसंडत असते, दुसरे सालीनेच जाड. लिटरला सुमारे दोन मोठे चमचे रस लागतो. तो गाळून, तेवढेच गरम पाणी मिसळून घालावा. नुसता रस एकाच जागी ओतला, तर त्या जागेचा चोथा तत्काळ कडक होतो आणि बाकीचे दूध तसेच राहते. पांढरे व्हिनेगर प्रमाणाला लिंबापेक्षा विश्वासू, मात्र त्याचा वास चोथ्यात रेंगाळतो, म्हणून चोथा पाण्याखाली धुवावा लागतो. दह्याने केलेले पनीर चवीला सर्वांत सौम्य. पण दह्याचा आंबटपणा दुबळा, लिटरला अर्धी ते पाऊण वाटी आंबट दही लागते, दूध लवकर फाटत नाही, आणि मग धीर सुटून पातेले पुन्हा शेगडीवर चढवले जाते. दूध फुटू लागते, अजून पांढरे दिसते म्हणून आणखी उकळले जाते, आणि दह्याचे पनीर चिवट होते, अशी तक्रार जन्माला येते. कसूर दह्याची नसते, ती त्या जादा उकळीची असते.

उरले लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात खड्यांच्या किंवा साखरेसारख्या भुकटीच्या रूपाने मिळणारे सायट्रिक आम्ल. लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे छोटा अर्धा चमचा, हे 200 मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून घ्यावे. पाणी गरमच हवे, नाहीतर दुधाची उष्णता उतरते. ही आंबट धार एका हाताने बारीक सोडावी, दुसऱ्या हाताने उलथणे पातेल्याच्या कडेने संथ फिरवावे, घुसळू नये. घुसळले तर चोथ्याचे तुकडे बारीक होतात आणि त्यांतले लोणी पाण्याबरोबर निघून जाते.

प्रथम काहीच घडत नाही. मग दुधाचा एकसंध पांढरेपणा किंचित मळल्यासारखा होतो, उलथण्याच्या पात्यावर बारीक रवा दिसू लागतो, पाहता पाहता रव्याच्या गाठी आणि गाठींचे ढेपसे होतात, आणि त्यांच्यामधल्या फटींतून हिरवट पिवळी, पारदर्शक निवळी डोकावते. हा हिरवट रंग दुधातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. तो दिसला की हात तत्क्षणी थांबला पाहिजे, मग वाटीत आम्ल उरले असले तरी ते तसेच उरू द्यावे. निवळी अजून दुधट असेल तर दोन चमचे आणखी घालून मिनिटभर वाट पाहावी. तेवढ्यानेही ती स्वच्छ झाली नाही तरच पातेले अगदी मंद आचेवर क्षणभर धरावे, आणि फरक दिसताच उतरवावे.

आचेचा परिणाम ज्याला डोळ्यांनी पाहावयाचा असेल, त्याने एकच दूध दोन पातेल्यांत निम्मे निम्मे करून पाहावे, जसे मी पाहिले. एक फाटताच खाली उतरवले; दुसरे फाटल्यावरही पाच मिनिटे उकळत ठेवले. पहिल्यातला चोथा कापसासारखा सैल तरंगत राहिला. दुसऱ्यातला आकसून तळाशी गेला, त्याच्या गाठी गोट्यांसारख्या आवळल्या आणि निवळी उघडच जास्त निघाली. दाबून वड्या पाडल्यावर दुसऱ्याचे वजन कमी भरले, आणि सुरी फिरताना पहिल्याच्या अंगावर ओलसर चकाकी राहिली, तर दुसऱ्याचा कापलेला भाग गुळगुळीत आणि कोरडा दिसला. दूध तेच, आम्ल तेच, वरचे वजनही तेच.

पुढचे काम थोडक्यात सांगता येते. चोथा पाच मिनिटे निवळीतच बसू द्यावा, मग रोळीवर ओले मलमलचे फडके पसरून त्यात ओतावा, वर दोन-तीन किलोचे वजन ठेवून वीस-पंचवीस मिनिटे दाबावा. दाबताना चोथा गरम असला पाहिजे, थंड झाल्यावर तो एकजीव होत नाही. मग थंडगार पाण्यात दोन तास बुडवून ठेवला की आतले लोणी गोठते आणि वड्या न तुटता पडतात. साधारण 200 ग्रॅम पनीर हाती यावे. बरेच कमी आले, तर निवळी दुधट राहिली होती की चोथा उकळला गेला, हे आठवून पाहावे.

उत्तम जमलेले पनीरही कढईत फार वेळ तळले तर चिवट होते, कारण तेथेही पाणीच उडते. तांबूस रंग येताच वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात टाकाव्यात आणि रश्शात अगदी शेवटी सोडाव्यात. जे पनीर पातेल्यातच आवळले गेले आहे, ते मात्र पाण्यात कितीही ठेवले तरी पूर्ववत होत नाही. ते किसून भुर्जीला वापरावे.

मला कोणी एकच आम्ल निवडावयास सांगितले, तर नवशिक्यासाठी मी लिंबूसत्त्व निवडीन, कारण त्याचे माप ठरलेले असते आणि दूध पुन्हा आचेवर चढवण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही. हात बसल्यावर दह्याकडे वळावे, किंवा आदल्या पनीराची निवळी रात्रभर आंबवून तीच वापरावी, जशी छेना करणारे हलवाई वापरतात. ती मात्र दूध फाटेपर्यंत बरीच ओतावी लागते, म्हणून घालण्यापूर्वी तापवून घ्यावी.