शालिवाहन कोण होता?

पैठणच्या कुंभारवाड्यात वाढलेला शालिवाहन मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई बनवतो, उज्जैनचा विक्रम चालून येताच त्यांच्यात प्राण फुंकतो आणि लढाई जिंकतो. त्या विजयापासून शालिवाहन शक सुरू झाला, असं आपण पाडव्याला ऐकत आलो. गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की विक्रम संवत आणि शक यांच्या आरंभात 135 वर्षांचं अंतर आहे. ज्यांच्या नावाने हे काल चालतात, ते दोघे रणांगणावर भेटणार कसे?

अशा वेळी अभ्यासक आधी पाहतात, की कोणती गोष्ट कधीपासून लिहिलेली सापडते. मातीच्या सैन्याची कथा जैन आचार्य जिनप्रभसूरींच्या ग्रंथात येते, पण तो चौदाव्या शतकातला. उलट बदामीच्या लेण्यातला इ. स. 578चा चालुक्य लेख शकराजाच्या राज्याभिषेकापासून 500 वर्षं मोजतो. म्हणजे कालगणना शकांची. 78 साली ती कनिष्काने सुरू केली की चष्टनाने, यावर वाद आहेत. शालिवाहनाचं नाव मात्र तिला कित्येक शतकांनी चिकटलं. खुद्द सातवाहन राजे तर आपल्या लेखांत राज्यारोहणापासूनची वर्षं मोजत. शक त्यांनी वापरलाच नाही!

मग कथेत खरं काहीच नाही? आहे, आणि ते नाशिकजवळ सापडलं. 1906 साली जोगळटेंभी इथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षहरात राजा नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. त्याच्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून अर्धामुर्धा डोकावतो. शत्रूचं चलन हाती आल्याशिवाय हे होत नाही, म्हणून मला हा पुरावा कुठल्याही प्रशस्तीपेक्षा भरवशाचा वाटतो.

प्रशस्तीही आहेच. पांडवलेण्यात राजमाता गौतमी बलश्रीने भिक्षूंना दिलेल्या दानाचा लेख आहे. त्यात आपल्या मुलाने शक, यवन, पह्लवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश बुडवला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती सांगते. आईचं कौतुक आहे, तेव्हा हात राखूनच वाचायला हवं. क्षहरातांच्या पराभवाला नाण्यांची साक्ष मिळते. तीन समुद्र हा राजेलोकांचा ठरीव डौल. शकांचा नाश म्हणावा, तर इ. स. 150चा जुनागडचा शिलालेख आडवा येतो. दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा हरवलं आणि जवळचा नातलग म्हणून सोडून दिलं, असं शक क्षत्रप रुद्रदामन त्यात सांगतो. अर्थात हीसुद्धा प्रशस्तीच. पण नातं कबूल करण्यात त्याला काही फायदा नव्हता, त्यामुळे सोयरिकीची गोष्ट बहुतेक अभ्यासक खरी धरतात.