पनीरच्या पाण्यातून व्हे प्रोटीन मिळते का? कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेटमध्ये फरक काय?

यवतमाळ : महागडा डबा कशाला, घरी पनीर केल्यावर उरणारे पाणी प्या, तेच व्हे प्रोटीन, असा सल्ला जिममध्ये हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

दुधातील प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असते आणि उरलेली २० टक्के व्हे. पनीरसाठी दूध उकळीपर्यंत तापवले जाते. या उष्णतेने व्हे प्रथिनांची घडी मोडते आणि ती केसीनला चिकटतात. लिंबू पिळल्यावर बहुतांश प्रथिने पनीरमध्येच जातात. खाली राहते ते मुख्यतः पाणी, दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज, आणि क्षार. ते पाणी कणीक भिजवायला उत्तम, पण प्रोटीन त्यात थोडेच.

चीजचे गणित वेगळे आहे. दूध सुमारे ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चराइझ करून, कोमट असताना रेनेट या विकराने ते साकळवतात. व्हे प्रथिने शाबूत राहतात आणि निवळीत उतरतात. म्हणूनच पावडर बनते ती चीज कारखान्याशेजारी. पुणे जिल्ह्यातील मंचर येथे चीज बनवणारी पराग मिल्क फूड्स कंपनी ‘अवतार’ नावाने व्हे प्रोटीन विकते, ते यामुळेच.

१०० लिटर निवळीत प्रथिने असतात जेमतेम ६०० ग्रॅम. ती वेगळी करायला निवळी अल्ट्राफिल्ट्रेशनच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलतात. पाणी, लॅक्टोज आणि क्षार पार होतात, प्रथिनांचे मोठे रेणू अलीकडे अडकतात. मग हे दाट द्रव गरम हवेत फवारले की पावडर तयार. १०० लिटरमागे साधारण पाऊण किलो. म्हणजे एक किलोच्या डब्यामागे जवळपास दीडशे लिटर दूध!

हे झाले ८० टक्के प्रथिनांचे कॉन्सन्ट्रेट. मात्र पडद्यावर प्रथिनांसोबत स्निग्धांशही अडकतो, थोडे लॅक्टोजही राहते. मायक्रोफिल्ट्रेशनने स्निग्धांश काढला आणि पाणी घालून पुन्हा गाळत लॅक्टोज धुऊन काढले, की प्रथिने ९० टक्क्यांपर्यंत जातात. ते आयसोलेट. काही कारखाने गाळण्याऐवजी आयन-एक्स्चेंज पद्धत वापरतात.

३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये कॉन्सन्ट्रेटमधून २४ ग्रॅम प्रोटीन मिळेल, आयसोलेटमधून २७. फरक तीन ग्रॅमचा, म्हणजे १०० मिली दुधाएवढा. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे नाही. दुधाने पोट फुगणाऱ्यांना मात्र कमी लॅक्टोजचे आयसोलेट सोसते.

डब्यावरच्या मोठ्या ‘आयसोलेट’ शब्दावर जाऊ नका. घटकांच्या यादीत वजनाने सर्वाधिक पदार्थ आधी लिहिलेला असतो. तिथे कॉन्सन्ट्रेट पहिले असेल, तर आयसोलेट फक्त चवीपुरतेही असू शकते. यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन दिसले तरी थांबा. चाचणीत प्रोटीन बहुधा नायट्रोजनवरून मोजले जाते आणि हे स्वस्त पदार्थ तो आकडा फुगवतात.