हरवलेला फेज मोटरच लपवते

विहिरीवरची मोटर चालू असताना स्टार्टरआधीचा एक फ्यूज उडाला, तर ती बहुधा थांबत नाही. वेगळाच गुंजारव करत उरलेल्या दोन फेजवर पाणी ओढत राहते. त्या दोन वायरींमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग जळते. यासाठी बाजारात सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मिळतो. पण विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो एकदा सुट्या भागांतून बांधावाच, कारण त्यातली खरी अडचण डब्यावरून कळत नाही.

बांधणी सोपी आहे. फ्यूजनंतर प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० ला १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, पुढे ब्रिज आणि कपॅसिटर. मिळालेला डीसी व्होल्टेज प्रीसेटने विभागून ५.१ व्होल्टच्या झेनरमार्फत बीसी ५४७ च्या बेसला द्यायचा. असे तिन्ही ट्रान्झिस्टर रिलेच्या कॉइलशी एकाच ओळीत, सिरीजमध्ये, जोडले की तिघेही सुरू असतील तरच रिले ओढली जाते. तिचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत असतो. रिलेचा स्वतःचा पुरवठा गेला तरी मोटर बंदच होते, हे या रचनेचे मोठे बळ.

आता प्रीसेट लावू. डिमरस्टॅटने एका फेजला १९० व्होल्ट द्या. कपॅसिटरवर सुमारे साडेबारा व्होल्ट दिसतील. झेनर आणि बेस मिळून ५.८ व्होल्ट मागतात, म्हणून प्रीसेट निम्म्याच्या जरा खाली येतो. रिले नेमकी सुटेल तिथे थांबवा आणि उरलेल्या दोन फेजना हेच करा. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते आणि व्होल्टेज क्षणभर खाली जातो, तेवढ्याने रिले सुटू नये म्हणून दोन-तीन सेकंदांचा विलंबही ठेवावा लागतो.

मोटर बंद असताना फ्यूज काढून पाहा. रिले सुटते. आता मोटर बिनलोड चालवून काढा, आणि बहुधा काहीच होणार नाही! सर्किट बिघडलेले नसते. फिरता रोटर तुटलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करतो. हलक्या लोडवर तो २१० च्या आसपासही असतो. मोटर अजून फ्यूजपुढच्या वायरीला जोडलेली असल्याने आपल्या ट्रान्सफॉर्मरलाही तोच मिळतो. १९० ला लावलेल्या सर्किटला सगळे ठीक वाटते.

मर्यादा २१५ ला नेली तर गावाकडच्या खालीवर होणाऱ्या व्होल्टेजवर मोटर सारखी बंद पडेल. म्हणून चालू मोटरसाठी प्रत्येक वायरीवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवणे मला जास्त भरवशाचे वाटते. रोटर व्होल्टेज तयार करू शकतो, पण उडालेल्या फ्यूजमधून करंट नेऊ शकत नाही. तिथला करंट शून्यच दिसतो.